निस्तं नाव बदलवा, बाकी तेच राहू द्या?

“सर, निस्तं नाव बदलवून द्या. बाकी तेच राहू द्या.”

आर्णीत टायपिंगचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की येणारा पोट्टा दारात चप्पल काढत असतानाच मला त्याचा अंदाज येतो. त्याच्या हातात मागच्या महिन्यातला अर्ज असतो. तो यवतमाळच्या एका सहकारी बँकेला गेलेला असतो. आता तोच त्याला पुण्याच्या एखाद्या नव्या स्टार्टअपला पाठवायचा असतो, आणि बहिणीसाठी तोच मुंबईच्या जाहिरात एजन्सीला. वर ‘प्रति, मा. व्यवस्थापक साहेब’. खाली ‘आपला विश्वासू’. मधे ठरलेला मजकूर: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मी होतकरू व कष्टाळू आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला आपल्या सेवेची एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.’

या पोरांवर माझा राग नाही. राग त्यांना हे शिकवणाऱ्यांवर आहे. त्यात शिक्षक आहेत, क्लासवाले आहेत, नोकरीत स्थिरावलेले काका-मामा आहेत आणि माझ्यासारखे टायपिंगवाले आहेत. हा नमुना मीही वर्षानुवर्षं टाइप करून दिला आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने काय काय बोललं जातं ते मला तोंडपाठ आहे.

त्यांचं म्हणणं असं. अर्ज म्हणजे अर्ज. त्याची एक पद्धत ठरलेली आहे आणि ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बँक असो, कंपनी असो, जाहिरातवाले असोत, नम्र आणि शुद्ध लिहिलं की झालं. माणूस एक, त्याचं शिक्षण एक, मग पत्रं तीन कशाला? बँकेपुढे एक सूर आणि स्टार्टअपपुढे दुसरा, ही लबाडी झाली. शिवाय हे वाचतं तरी कोण? मार्क बघतात, ओळख बघतात आणि कागद फायलीत जातो. आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: “आपली खेड्यातली पोरं आहेत हो. नमुना दिला तर निदान चुकणार तरी नाहीत.”

यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

लबाडीच्या आरोपापासून सुरू करतो, कारण तो सर्वांत मोठ्या आवाजात केला जातो. मराठी माणसाने हा आरोप करावा याचं मला खरंच नवल वाटतं. शाळेत आपल्याकडून मायने घोकून घेतले होते ना? वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्या भावाला ‘चिरंजीव’, मित्राला ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’, अनोळखी अधिकाऱ्याला ‘महोदय’. कोणाला कोणत्या मायन्याने लिहावं याचे नियम सांगणारी लेखनप्रशस्ती शिवकाळातल्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या नावावर सांगितली जाते. पेशवाईच्या दप्तरांत ‘राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री’ आणि ‘चिरंजीव’ एकाच माणसाच्या पत्रांत सापडतात. तो माणूस काय दोन तोंडांनी बोलत होता? वाचणारा कोण आहे हे ओळखून लिहिणं ही आपल्या भाषेतली जुनी शिस्त आहे. एकाच मायन्याने सगळ्यांना हाकारणं ही आळसातून आलेली अलीकडची सवय आहे आणि आपण तिला परंपरा म्हणतो आहोत.

आता ‘वाचतं कोण’ हा मुद्दा. वाचतात. मात्र तिन्ही ठिकाणी वाचण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि सूर बदलायचा तो एवढ्याचसाठी. बँकेत अर्ज हाताळणारा माणूस तो कागदपत्रांशी ताडून पाहतो. स्टार्टअप काढणारा पोरगा मोबाइलवर पहिल्या दोन ओळी बघतो आणि पुढे वाचायचं की नाही ते ठरवतो. एजन्सीत मजकूर लिहिणाऱ्यांचा प्रमुख कंटाळा येईपर्यंत वाचतो, आणि त्याला फार लवकर कंटाळा येतो. या तिघांच्या मनात तीन वेगळ्या भीती असतात. बँकेला खोट्याची आणि चुकीची भीती असते. स्टार्टअपला भीती असते ती सांगितल्याशिवाय हात न हलवणाऱ्या माणसाची. एजन्सीला भीती असते सपक माणसाची. पत्राचा सूर ठरतो तो या भीतीवरून. ती ओळखली की सूर आपोआप वेगळा लागतो, त्यासाठी कुठलं सोंग घ्यावं लागत नाही.

बँकेचंच आधी बघू, कारण आमच्याकडे अजूनही नोकरी म्हटलं की बँकच आठवते.

राष्ट्रीयीकृत बँकांतल्या कारकून आणि अधिकाऱ्यांच्या जागा आयबीपीएसच्या ऑनलाइन परीक्षेतून भरल्या जातात. तिथे अर्जासाठी पत्र लिहायचंच नसतं. तरीही तिथे एक मजकूर उमेदवाराने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून, स्कॅन करून चढवायचा असतो. त्यात काय असतं? मी दिलेली सर्व माहिती बरोबर, खरी आणि वैध आहे, आणि मागाल तेव्हा कागदपत्रं दाखवीन. बस, एवढंच. तो मजकूर आणि सही कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. लाखो उमेदवारांकडून त्यांच्या हस्ताक्षरात काही घ्यायचं ठरलं तेव्हा बँकांना दोनच गोष्टी हव्याशा वाटल्या, खरेपणा आणि पुरावा. त्यात संधीची याचना नाही, परिस्थितीचं वर्णन नाही. सहकारी बँकेला किंवा पतसंस्थेला कागदावर अर्ज करतानाही सूर याच दोन गोष्टींतून यायला हवा. जाहिरातीची तारीख, पदाचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच स्वतःचं नाव, आणि ज्याचा कागद सोबत आहे तेवढाच दावा. विशेषण एकही नको.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागू नये. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींना विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच असतं हा नियम त्यानंतर इथल्या घराघरांत माहीत झाला. अशा जिल्ह्यातल्या बँकेत अर्ज वाचणारा माणूस काय शोधत असेल? ‘मी अत्यंत प्रामाणिक आहे’ या वाक्याने त्याचं समाधान होईल? प्रामाणिक नसलेलाही हेच लिहितो.

आणि ती हलाखी! या एका वाक्याने जितकं नुकसान केलं तितकं शुद्धलेखनाच्या चुकांनी केलं नसेल. हलाखी खरी असते हे मला माहीत आहे. ती लिहिताना पोरांची मान खाली जाते, तेही मी समोर बसून पाहिलं आहे. पण रोखीजवळ बसवायच्या माणसाने आपली पैशांची निकड पहिल्याच परिच्छेदात सांगावी, याचा वाचणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार हे वाक्य शिकवणाऱ्यांनी कधी केला का? जो प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हता तो आपण त्याला आयता देतो. स्टार्टअपवाल्याला हलाखी सांगायची, तर पुढच्या सहा महिन्यांचे पगार कसे करायचे या विवंचनेत तो स्वतःच असतो. एजन्सीच्या माणसाने हे वाक्य इतक्यांदा वाचलेलं असतं की त्याची नजर त्यावर ठरतही नाही. तिन्हीकडे ते वाक्य एकच काम करतं. अर्जदाराला काय येतं हे सांगण्याची जागा ते खाऊन टाकतं.

तीन पत्रांमागचा माणूस एकच असतो, मग पत्रं वेगळी कशी, या प्रश्नाचं उत्तर मला एका मुलीच्या अर्जांवरून मिळालं. ती बी.कॉम. झालेली. आर्णीतल्या एका कृषी सेवा केंद्रात तिने दोन वर्षं उधारीची वही सांभाळली होती. खरिपाला बियाणं आणि खत उधारीवर न्यायचं आणि कापूस-सोयाबीन विकलं की फेडायचं, हा इथला रिवाज. वहीत एकशेऐंशी खाती होती. तिला तीन ठिकाणी अर्ज करायचे होते: एका सहकारी बँकेत कनिष्ठ लिपिकासाठी, शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये, आणि मराठी मजकूर लिहिणारे शोधणाऱ्या एका एजन्सीत. तीही आली ती नमुना मागायलाच. मी म्हटलं, नमुना राहू दे, त्या दुकानात तू रोज काय करत होतीस ते सांग. ती तासभर बोलली आणि तिन्ही पत्रं त्या तासातूनच निघाली.

विषय आणि संदर्भाच्या ओळींनंतर बँकेचं पत्र असं होतं:

‘मी बी.कॉम. असून मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट व एमएस-सीआयटी या परीक्षा उत्तीर्ण आहे. आर्णी येथील एका कृषी सेवा केंद्रात दोन वर्षे १८० खातेदारांचे उधारी खाते सांभाळले. रोज सायंकाळी नोंदी रोख पेटीशी जुळवून मालकांची सही घेत असे. दुसऱ्या वर्षअखेरीस ११ खात्यांत तफावत आढळली. त्यांपैकी ९ खाती पावत्यांवरून दुरुस्त केली. उर्वरित २ खात्यांविषयी मालकांना लेखी कळवले. अनुभव प्रमाणपत्रासह ५ कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत.’

दुकानात बसलेल्या दोघा-तिघांनी लगेच सांगितलं, ते तफावतीचं काढून टाका, स्वतःची चूक कोणी लिहितं का? मी ठेवायला लावलं. वही जुळली नाही तेव्हा या मुलीने ती जुळल्यासारखी दाखवली नाही, एवढंच बँकेला हवं असतं. सबंध पत्रात ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही. तो लिहिण्याची गरजच उरली नाही.

आता हेच पत्र स्टार्टअपला पाठवलं तर? टंकलेखनाचा वेग, पाच प्रती, मालकांची सही, यातलं काहीही तिथे लागत नाही. तिथला माणूस दिवसभर शेतकऱ्यांना काय सांगायचं आणि ते कसं सांगायचं यात अडकलेला असतो. त्याला नम्रता नको असते, त्याच्या कामाकडे कोणी नीट पाहिलं आहे का ते हवं असतं. म्हणून आधी मी तिला पंधरा दिवस काकांच्या फोनवर ते ॲप वापरायला लावलं. मग हा ईमेल लिहिला:

‘नमस्कार, तुमचं ॲप काकांच्या फोनवर पंधरा दिवस वापरलं. गुलाबी बोंडअळीचा संदेश त्यांनी मला वाचायला लावला, कारण “आर्थिक नुकसान पातळी” म्हणजे काय ते त्यांना कळेना. मी तो असा लिहिला असता: “कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली. त्याआधी नको.” मी आर्णीच्या कृषी सेवा केंद्रात दोन वर्षं १८० शेतकऱ्यांची उधारी सांभाळली. वसुलीचे फोन सकाळी व्हायचे, ते मी रात्री आठनंतर करायला लागले आणि लोक फोन उचलायला लागले. शेतकऱ्यांशी बोलायला तुम्हाला माणूस हवा आहे असं वाचलं. एक आठवडा काम देऊन पाहा.’

खाली नाव आणि फोन नंबर. संपलं. ‘महोदय’ नाही, ‘सविनय’ नाही, ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’. हा उद्धटपणा आहे का? ज्याच्या कामाला पंधरा दिवस दिले, त्यातली अडचण सांगितली आणि ती सोडवूनही दाखवली, त्याचा यापेक्षा मोठा मान कोणता? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. इथल्या मुलीने फवारणीच्या संदेशातल्या ‘त्याआधी नको’ या दोन शब्दांवर जोर दिला यामागे ते सगळं आहे. ते तिने पत्रात लिहिलं नाही, आणि लिहायला नकोच होतं. जाता जाता एक सांगतो. तिने आधी ‘एक आठवडा फुकट काम करीन’ असं लिहिलं होतं. तो ‘फुकट’ मी काढायला लावला. तोही हलाखीचाच दुसरा अवतार आहे.

या ईमेलची पहिली खेप मात्र वाया गेली, आणि तो दोष माझा. मी सवयीने वर ‘महोदय’ घालून पत्र कृतिदेवमध्ये टाइप केलं आणि फाइल जोडून दिली. संध्याकाळी तीच फाइल माझ्या मोबाइलवर उघडून पाहिली तर पहिलाच शब्द `egksn;` असा दिसला. तो ‘महोदय’ होता. ज्या यंत्रात कृतिदेव फॉन्ट नाही तिथे त्यातली मराठी अशीच दिसते. बँकेला छापील कागद जातो, त्यामुळे हे वर्षानुवर्षं खपून गेलं. मोबाइलवर वाचणाऱ्याला ते खपत नाही. मग ‘महोदय’ गाळून, युनिकोडमध्ये, फाइल न जोडता, ईमेलच्या अंगातच मजकूर लिहून पुन्हा पाठवला, आणि तोही आधी स्वतःच्या फोनवर मागवून बघितला. नमुना बदलायची गरज नाही म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मायन्यातला तो ‘महोदय’ही तिथे पोचला नव्हता.

तिसरं पत्र एजन्सीचं. नमुन्याचे पाठीराखे इथे सर्वांत जास्त चुकतात. त्यांना वाटतं, जाहिरातवाल्यांना थोडं अलंकारिक लिहावं, यमकं जुळवावीत, एखादा सुविचार टाकावा. अहो, दिवसभर ज्यांच्या हातून यमकं जातात त्यांना आणखी यमकं कशाला? त्यांना बघायचं असतं की चार शब्द रस्त्यावर टांगले तर माणसं काय करतात हे या उमेदवाराने कधी पाहिलं आहे का. या मुलीने पाहिलं होतं. तिचं पत्र असं सुरू झालं:

‘वसुलीसाठी दुकानाबाहेर मी दोन पाट्या लिहिल्या. पहिली: “उधारी मागायला लाजला नाहीत, आता द्यायला लाजू नका.” लोकांनी वाचली, हसले आणि पलीकडच्या दुकानात गेले. पीक हातचं गेलेल्या वर्षी लाज काढणारी पाटी मी लावली होती. दोन दिवसांत उतरवली. दुसरी: “कापूस विकला? चहा घ्यायला या.” ती दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत राहिली. पैशाचा शब्द तीत नव्हता, पण चहाला येणारा माणूस पैसे घेऊनच येत होता. दोन्ही पाट्यांचे फोटो जोडले आहेत.’

दुकान तेच, वही तीच, उधारीही तीच. बँकेला तिने हिशेब सांगितला, स्टार्टअपला फोनची वेळ सांगितली, एजन्सीला पाटी सांगितली. एक शब्द खोटा नाही. मग लबाडी कुठे आहे? तिन्हीकडे ‘मी होतकरू व कष्टाळू आहे’ पाठवलं असतं तर तिच्या दोन वर्षांतलं कोणालाच काही कळलं नसतं. मला विचाराल तर अप्रामाणिक पत्र तेच ठरलं असतं, कारण ते तिचं नव्हतंच. ते कोणाचंही असू शकलं असतं.

एजन्सीच्या पत्रात तिने अजून एक परिच्छेद लिहिला होता. मराठीतल्या कित्येक जाहिराती हिंदीवरून उतरवलेल्या असतात, आणि ‘माझी मदत करा’सारखी वाक्यं वाचताना मराठी माणूस अडखळतो, कारण आपण ‘मला मदत करा’ म्हणतो. तिने असं एक वाक्य घेऊन सरळ करून दाखवलं होतं. बँकेच्या पत्रात हे लिहिलं असतं तर आगाऊपणा झाला असता. इथे ती तिच्या कामाची चुणूक होती.

‘माणूस एक तर पत्र एक’ म्हणणाऱ्यांना मी र. कृ. जोशींची आठवण करून देतो. ते मुंबईत उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते आणि त्यांची सुलेखनं अक्षरांना नाचवणारी असत. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्टही त्यांचाच. सरकारी पत्रं, परिपत्रकं, बँकांचे मराठी मजकूर ज्या सरळ, शांत अक्षरांत आपण वाचत आलो ती अक्षरं अशा माणसाने घडवली. भिंतीवरच्या अक्षराला काय हवं आणि अर्जातल्या अक्षराला काय हवं हे त्यांना वेगवेगळं कळत होतं. त्यांच्या त्या दोन हातांना कोणी लबाड म्हणेल का?

आता शेवटचा मुद्दा, तो हळू आवाजात सांगितला जाणारा. खेड्यातल्या पोरांना जमणार नाही. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण तो काळजीच्या भाषेत बोलला जातो. आर्णी तालुक्यातल्या तांड्यावरचा पोरगा घरात गोरमाटी बोलतो, बसस्टँडवर वऱ्हाडी बोलतो, बाबा कंबलपोषांच्या उरुसात दुकान लावलं तर हिंदी-उर्दूत गिऱ्हाईक पटवतो आणि वर्गात गुरुजींपुढे पुस्तकी मराठीत उत्तर देतो. कापूस विकताना व्यापाऱ्याशी कसं बोलायचं आणि आजीच्या उशाशी बसून कसं बोलायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. दिवसातून दहा वेळा सूर बदलणाऱ्या या पोराला तीन पत्रांत तीन सूर लावता येणार नाहीत, हे ठरवलं कोणी? त्याला जमत नाही ते एकच, कागद समोर आला की स्वतःचा आवाज वापरणं. आणि ते त्याला जमत नाही कारण पाचवीपासून त्याला सांगितलं गेलं आहे की कागदावरचा आवाज त्याचा नसतो, तो नमुन्यातला असतो. आजार आपण द्यायचा, आणि पोरं अशक्त आहेत म्हणून तेच औषध पुन्हा पाजायचं, हे किती दिवस चालणार?

नमुना नको म्हटलं की हल्ली दुसऱ्या टोकाचा नमुना पुढे केला जातो, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेला. बिनधास्त लिहा, ‘मी गर्दीतला नाही’ अशी सुरुवात करा, आत्मविश्वास दाखवा. असा अर्ज एका पोराने थेट बँकेला लिहून आणला होता. त्यात आणि हलाखीच्या अर्जात मला काडीचाही फरक दिसला नाही. दोन्हींत वाचणारा कोण आहे याचा पत्ता नाही, आणि लिहिणाऱ्याने आजवर काय केलं याचाही नाही. रडका साचा टाकून फुशारकीचा साचा घेणं याला मी सुधारणा मानत नाही.

एवढं मात्र मान्य करतो की दारावरच्या पाटीवरून सूर ठरवू नये. खुर्चीवरून ठरवावा. कर्ज देणारं स्टार्टअप कितीही तरुण असलं तरी तिथे कागदपत्रं तपासणाऱ्या जागेसाठीचं पत्र बँकेच्याच सुरात हवं. एजन्सीतही हिशेब सांभाळणारा लागतो, आणि त्याच्या अर्जात पाट्यांच्या गोष्टी कामाच्या नाहीत. पण यातून निघतं काय? सूर आणखी बारकाईने बदलावा लागतो. एकच नमुना पुरतो असं यातूनही कुठे निघत नाही.

त्या मुलीला बँकेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे तिला दुरुस्त न झालेल्या त्या दोन खात्यांबद्दलच सर्वांत जास्त विचारलं गेलं. स्टार्टअपने दुसऱ्याच दिवशी तीन संदेश सोपे करून मागितले आणि त्याचे पैसेही दिले. एजन्सीकडून आजपर्यंत उत्तर नाही. लगेच एक शिक्षक म्हणाले, बघा, एक तर वाया गेलंच ना? गेलं. चांगल्या पत्राने नोकरी लागते असं मी कधी म्हटलंच नव्हतं. चांगलं पत्र वाचलं जातं, आणि ते वाचून नकार देणाऱ्याने निदान त्या मुलीला नकार दिलेला असतो. नमुन्याला मिळालेला नकार कोणाला मिळतो?

माझ्या संगणकात `arj_namuna` नावाची एक फाइल होती. दुकान सुरू केलं तेव्हापासूनची. किती पोरांची नावं तिच्यात घातली आणि पुसली याचा हिशेब माझ्याकडे नाही. ती मी काढून टाकली आहे. आता कोणी निस्तं नाव बदलवून मागितलं की मी त्याला समोरच्या स्टुलावर बसवतो आणि विचारतो, हा कागद कोणाच्या हातात जाणार आहे, आणि तू आजवर काय केलंस त्यातलं त्या माणसाच्या कामाचं काय? कोणी चिडून बाजूच्या दुकानात जातो. तिथे त्याला पाच मिनिटांत नमुना मिळतो. जो थांबतो त्याच्यासाठी मी कोरं पान उघडतो आणि बोटं किल्ल्यांवर ठेवून, तो बोलायला लागेपर्यंत वाट बघतो.